सासरचं घर आणि कुंडलीतलं चौथं स्थान

(भागाचं लिखित रूप, बोलीभाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

मी वडनेर भोलजीचा. काम सॉफ्टवेअरचं, पण लहानपणापासून घरात पंचांग बघितलंय. मागच्या भागानंतर एकीनं विचारलं, "लग्नानंतर सासू-सासऱ्यांसोबत राहायचंय, पत्रिकेत ते कुठं दिसतं?" आज तेवढंच बघू.

आधी एक गैरसमज. ३६ पैकी किती गुण जुळले हे सांगताना सासू-सासऱ्यांचा विचारच होत नाही. ते गुण मुला-मुलीच्या चंद्राच्या राशी-नक्षत्रावरून काढतात. सासरच्या घराचं बघायचं तर लग्नकुंडली उघडावी लागते.

चौथं स्थान म्हणजे सुखस्थान: घर, आई, घरातली शांतता. सातवं स्थान जोडीदाराचं. आता ज्योतिषी काय करतात, तर सातव्या स्थानालाच पहिलं धरून पुन्हा मोजतात. आई चौथ्यावरून बघायची, म्हणून सातव्यापासून चौथं, म्हणजे आपलं दहावं स्थान, सासूचं. वडील दहाव्यावरून धरले तर सातव्यापासून दहावं, म्हणजे आपलं चौथं स्थान, सासऱ्याचं. बोटांवर मोजून बघा, बरोबर येतं. म्हणजे आपलं घर आणि सासरा एकाच खोलीत! काही जण मात्र वडील नवव्यावरून बघतात. मग सासरा तिसऱ्या स्थानात जातो. तुमच्या ज्योतिषाला हा प्रश्न आधी विचारा, कारण इथंच दोघांचं उत्तर वेगळं होतं.

आता उदाहरण. माझी आतेबहीण, जन्म एप्रिल १९९१, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मेष लग्न. चौथ्या स्थानी कर्क रास, तिथं उच्चीचा गुरू. दहाव्यात मकर रास, तिथं स्वराशीचा शनी, आणि त्याची सातवी दृष्टी थेट चौथ्यावर. चौथ्याचा मालक चंद्र दुसऱ्या स्थानी, म्हणजे कुटुंबस्थानी, वृषभेत उच्चीचा.

पहिल्या ज्योतिषानं शनी धरला: "सासू कडक, शिस्तीची. वेगळी चूल मांडा." दुसऱ्यानं गुरू आणि चंद्र धरले: "घर एकत्र राहील, सासरा आधार देईल." कुंडली एकच, नियमही तेच, वजन कुणाला जास्त द्यायचं ते प्रत्येकानं आपापलं ठरवलं. आत्या रडकुंडीला आली. मुलाकडची शेती आणि चूल एकच होती, "वेगळं राहा" म्हणजे स्थळ मोडल्यासारखंच.

मग मी जन्मवेळ विचारली. आत्या म्हणाली, "अरे, सहा-सव्वासहा असेल. सूर्य उगवत होता." मी सॉफ्टवेअरमध्ये वेळ पंधरा मिनिटं मागं घेतली, म्हणजे पाच पंचावन्न. लग्न मेषेच्या अगदी सुरुवातीला होतं, ते मागं सरकून मीन झालं. आता चौथ्यात मिथुन रास आणि तिथं मंगळ. गुरू पाचव्यात गेला, शनी अकराव्यात, आणि अकराव्यातल्या शनीची दृष्टी चौथ्यावर पडतच नाही. वर चौथ्या मंगळामुळं मुलगी 'मंगळाची' ठरली! ग्रह जागचे हलले नाहीत. घरांचे नंबर तेवढे बदलले.

लग्न साधारण दोन तासांत रास बदलतं, मीन-मेष तर त्याहून लवकर. म्हणून लग्नाचे अंश राशीच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी असतील आणि वेळ अंदाजाची असेल, तर चौथ्या स्थानावरचा कुठलाही निकाल कच्चाच समजा. वेळ दहा-पंधरा मिनिटं पुढं-मागं करून बघा. रास टिकली, तरच पुढं वाचा.

आणि वेळ अचूक असली तरी? २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत चाचणी घेतली. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या बघून हुशार मुलं कोणती आणि मतिमंद कोणती ते सांगायचं होतं. बरोबर निघाली सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा जास्त नाहीच. ती चाचणी सासू-सासऱ्यांवर नव्हती. पण बुद्धीसारखी ठळक गोष्ट दिसत नसेल, तर चहात साखर किती यावरून होणारी कुरबुर दिसेल असं मला तरी वाटत नाही.

शेवटी काय झालं? बहिणीनं होणाऱ्या नवऱ्यासमोरच सासूबाईंना तीन गोष्टी विचारल्या: नोकरी चालू ठेवली तर सकाळचा स्वयंपाक कोण करेल, पगार कुणाच्या हातात, आणि आमची खोली वेगळी आहे का. सासूबाई म्हणाल्या, "भाकरी मी टाकतो, भाजी तू करजो. पगार तुहा तुह्यापाशी ठेव." खोलीचं उत्तर मात्र "पाहू" असं आलं. पहिली दोन वर्षं भांडणं झाली ती त्या खोलीवरूनच.

एका घरावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण भांडण कशावरून होईल ते त्या 'पाहू'मध्ये आधीच दिसत होतं, आणि त्यासाठी जन्मवेळ लागली नाही.

तुमच्या घरी 'पाहू' कशावर आलं होतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.