अखेरचे षटक, तेरा कपडे

कपड्यांच्या घड्या घालण्यासारखे घरकाम सामन्याचे अखेरचे षटक समजून त्याचे धावते वर्णन करणे, हा विडंबनाचा एक प्रकार आहे. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे खेळ थांबले, तेव्हा इंग्लंडचे रग्बी समालोचक निक हीथ यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांचे समालोचन सुरू केले. स्कॉटलंडचे अँड्र्यू कॉटर यांनी आपल्या ऑलिव्ह आणि मेबल या लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जेवणाचे वर्णन अंतिम लढतीच्या थाटात केले. दोघांचाही आवाज मैदानावरचाच होता, आणि गंमत त्यातच होती.

मात्र नुसत्या चढ्या आवाजाने अखेरचे षटक उभे राहत नाही. त्याचा कणा म्हणजे समीकरण: किती हवेत आणि किती चेंडू उरले. 2007 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला शेवटच्या षटकात 13 धावा हव्या होत्या. जोगिंदर शर्माचा पहिला चेंडू वाइड, पुढचा निर्धाव, मग मिस्बाहचा षटकार. चार चेंडू, सहा धावा. त्यानंतर श्रीशांतने झेल घेतला आणि भारत जिंकला. प्रत्येक चेंडूगणिक पारडे हलले, म्हणून ते षटक आजही आठवते.

हेच घडीच्या कामाला लावता येते. पाहुणे पोहोचायला सहा मिनिटे आहेत, पलंगावर 13 कपडे आहेत. एक मिनिट म्हणजे एक चेंडू. एका टॉवेलची घडी आधीच घातलेली निघते: वाइड, उरले 12. पहिल्या चेंडूवर इलॅस्टिकची चादर हाती येते, कोपरा निसटतो: निर्धाव. दुसऱ्यावर सहा रुमाल झटपट: षटकार! मग दोन पँट, दोन शर्ट. दोन चेंडूंत दोन हवेत. पाचव्याला एका मोज्याचा जोडीदार सापडत नाही, प्रकरण तिसऱ्या पंचांकडे जाते. निर्णय येईपर्यंत मिनिट संपते. मोजा उशीच्या अभ्र्यात मिळतो. शेवटच्या चेंडूवर मोज्यांची जोडी आणि तीच चादर. दोन्ही हात कोपऱ्यांत, एक कोपरा दुसऱ्यात उलटवला जातो, मग उरलेले दोन...

बोलणारे दोघे असावेत. वर्णन करणारा वर्तमानकाळात, कापड हलत असताना तोकड्या वाक्यांत बोलतो. दोन चेंडूंमधल्या वेळेत माजी खेळाडूच्या भूमिकेतला तज्ज्ञ सावकाश सांगतो, की ही चादर मागच्या रविवारीही घडी घालणाऱ्याला भारी पडली होती.

बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. पहिल्या चेंडूपासूनच ओरडले, तर सहाव्यासाठी आवाज उरत नाही. आणि समालोचक स्वतः हसला की सामना खोटा पडतो. ऐकणारा "किती राहिले?" असे विचारू लागला, तर षटक जमले.