पांढरी बाटली, काळी बाटली आणि तळ्याचा ऑक्सिजन

तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्या कामात ऑक्सिजन पाण्यात सोडते. ठरावीक वेळात असे किती अन्न तयार झाले, त्याला तळ्याची प्राथमिक उत्पादकता म्हणतात. तळ्यातले किडे, झिंगे आणि मासे शेवटी या अन्नावरच जगतात. अन्न थेट मोजणे अवघड असले तरी त्याच्याबरोबर सुटणारा ऑक्सिजन मोजता येतो. नॉर्वेतील टॉरब्यॉर्न गार्डर आणि होकन ग्रान यांनी ऑस्लोच्या खाडीतील उत्पादकता याच तत्त्वावर मोजली आणि 1927 मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. नदी-तळ्यांच्या अभ्यासात ती आजही वापरली जाते, कारण तिला लागते ते साहित्य महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतही असते.

पद्धतीची मांडणी अशी. तळ्यातल्या एकाच खोलीवरचे पाणी घेऊन तीन बाटल्या भरायच्या. पहिलीतला ऑक्सिजन तिथल्या तिथे मोजायचा. ही सुरुवातीची बाटली. दुसरी पारदर्शक काचेची, म्हणजे पांढरी. तिसरी काळा रंग देऊन वर अॅल्युमिनियम फॉइलने गुंडाळलेली, म्हणजे काळी. पांढरी आणि काळी बाटली दोरीला बांधून पाणी घेतले त्याच खोलीवर काही तास सोडायच्या. पांढरीत शैवाल ऑक्सिजन तयार करते, पण त्याच वेळी शैवाल, जिवाणू आणि सूक्ष्म प्राणी श्वसनात तो खर्चही करतात. काळीत प्रकाशच नसल्याने फक्त खर्च होतो. म्हणून सुरुवातीच्या आकड्यातून काळीचा आकडा वजा केला की श्वसन मिळते, पांढरीतून सुरुवातीचा वजा केला की निव्वळ उत्पादन मिळते आणि पांढरीतून काळीचा वजा केला की एकूण उत्पादन मिळते. एकूण उत्पादन म्हणजे निव्वळ उत्पादन अधिक श्वसन.

```
श्वसन          = सुरुवातीची − काळी
निव्वळ उत्पादन  = पांढरी − सुरुवातीची
एकूण उत्पादन   = पांढरी − काळी
```

यात एक गृहीत आहे: अंधारात जेवढे श्वसन होते तेवढेच उजेडातही होते. ते पूर्णपणे खरे नाही. प्रकाशात शैवालाचे श्वसन बदलते, पण बाटलीतल्या ऑक्सिजनवरून तो बदल वेगळा काढता येत नाही. निव्वळ उत्पादन थेट मोजलेले असते, एकूण उत्पादनाचा आकडा मात्र या गृहीतावर उभा असतो.

बाटलीत ऑक्सिजन किती आहे हे हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी 1888 मध्ये दिलेल्या रीतीने काढतात. 300 मिलिलिटरच्या बीओडी बाटलीत नळी तळापर्यंत सोडून पाणी भरतात आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वरून वाहू देतात. त्यामुळे आत हवेचा बुडबुडा राहत नाही. मग पिपेटचे टोक पाण्याखाली धरून 1 मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि 1 मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइडचे द्रावण सोडतात, बूच लावतात आणि बाटली अनेकदा उलटीसुलटी करतात. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. जितका ऑक्सिजन जास्त तितका रंग गडद. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही, हे तिथेच कळते. साका खाली बसला की तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात. साका विरघळतो, पाणी पिवळसर तांबूस होते आणि मूळ ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडिन सुटते. या आयोडिनचे 0.025 नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन करतात. ब्युरेटमधून थेंबथेंब सोडत रंग फिक्या गवती पिवळ्यावर आला की स्टार्च घालायचा. द्रावण गर्द निळे होते. निळा रंग ज्या थेंबाला जातो तिथे ब्युरेट थांबवायची. काही वेळाने निळसर छटा परत दिसली तरी ती मोजणीत धरत नाहीत.

थायोसल्फेटचा प्रत्येक मिलिलिटर 0.025 × 8, म्हणजे 0.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन दाखवतो. अनुमापनासाठी घेतलेल्या द्रावणात मूळचे पाणी 200 मिलिलिटर असेल तर हे प्रमाण लिटरला बरोबर 1 मिलिग्रॅम येते. दोन रसायने घालताना मूळ पाणी 2 मिलिलिटरने बाहेर सांडलेले असते, म्हणून 200 ऐवजी 201 मिलिलिटर घेतात. एवढे केले की ब्युरेटवर वाचलेला आकडाच ऑक्सिजनचा आकडा ठरतो. 6.2 मिलिलिटर लागले, तर लिटरला 6.2 मिलिग्रॅम.

आता एक उदाहरण. भंडारा-गोंदिया भागात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, खूप आहेत. त्यांपैकी एक दीड मीटर खोल तलाव मार्च महिन्यात मोजायचा आहे, असे समजू. पुढचे आकडे गणित समजावण्यासाठी घेतलेले आहेत. पाणी 28 अंश सेल्सिअस आहे आणि काळी-पांढरी सेकी तबकडी 60 सेंटिमीटरवर दिसेनाशी होते. प्रकाश साधारण या खोलीच्या अडीच पटींपर्यंत उपयोगी पडतो, म्हणजे इथे तळापर्यंत. त्या भागात मार्चमध्ये सूर्य सव्वाबाराच्या सुमारास माथ्यावर येतो, म्हणून बाटल्या सव्वादहा ते सव्वादोन, असे चार तास पाण्यात ठेवल्या. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मिळालेले ऑक्सिजनचे आकडे असे:

```
खोली       सुरुवात   पांढरी   काळी
पृष्ठभाग     6.4     8.2     5.6
0.5 मी.     6.2     8.4     5.4
1.0 मी.     5.6     6.0     4.8
1.5 मी.     4.8     4.2     4.0
```

चार तासांतले एकूण उत्पादन अनुक्रमे 2.6, 3.0, 1.2 आणि 0.2 येते. निव्वळ 1.8, 2.2, 0.4 आणि उणे 0.6. श्वसन सगळीकडे 0.8. सर्वांत जास्त उत्पादन पृष्ठभागावर नसून अर्ध्या मीटरवर आहे. दुपारचे कडक ऊन वरच्या थरातल्या शैवालाला जास्त होते आणि त्याचा वेग मंदावतो. उथळ, उघड्या तळ्यांत असे नेहमी दिसते, म्हणून फक्त पृष्ठभागावर बाटल्या टांगून काढलेला निष्कर्ष चुकतो. तळाशी निव्वळ आकडा उणे आहे, म्हणजे भरदुपारीही तिथे कमाईपेक्षा खर्च जास्त. निव्वळ उत्पादन शून्य होणारी खोली 1.0 आणि 1.5 मीटरच्या मध्ये, साधारण 1.2 मीटरवर पडते.

लिटरला मिलिग्रॅम म्हणजेच घनमीटरला ग्रॅम. प्रत्येक अर्ध्या मीटरच्या थरासाठी वरच्या-खालच्या आकड्यांची सरासरी 0.5 ने गुणली आणि थर बेरजेत धरले, की तळ्याच्या एका चौरस मीटरखालचे उत्पादन मिळते. एकूण उत्पादनाचे थर 1.4, 1.05 आणि 0.35, बेरीज 2.8 ग्रॅम ऑक्सिजन. श्वसन 0.8 × 1.5, म्हणजे 1.2 ग्रॅम. निव्वळ 1.6 ग्रॅम. कार्बनमध्ये सांगायचे तर 12 भागिले 32, म्हणजे 0.375 ने गुणायचे: एकूण 1.05 ग्रॅम कार्बन. कार्बनच्या प्रत्येक अणूमागे ऑक्सिजन थोडा जास्त सुटतो असे धरणारे अभ्यासक याला आणखी 1.2 ने भागतात, मग 0.875 ग्रॅम उरतो. अहवालात कोणता गुणक वापरला ते लिहिले नसेल, तर दोन तळ्यांची तुलना करता येत नाही.

यापुढच्या पायरीवर सगळ्यात जास्त चुका होतात. चार तासांत निव्वळ 1.6 ग्रॅम, म्हणजे बारा तासांच्या दिवसात 4.8 ग्रॅम, असा हिशेब केला तर तो चुकीचा ठरतो. सकाळ-संध्याकाळचा प्रकाश दुपारइतका नसतो आणि रात्रीचा खर्च या हिशेबात येतच नाही. निरभ्र दिवशी, बारा तासांच्या उजेडात, माध्यान्हाच्या आजूबाजूच्या चार तासांत दिवसभराच्या प्रकाशाचा साधारण अर्धा भाग येतो. म्हणून दिवसाचे एकूण उत्पादन 2.8 च्या दुप्पट, 5.6 ग्रॅमच्या आसपास. दुपारच्या जादा उन्हाचा शैवालाला पूर्ण उपयोग होत नसल्याने खरा आकडा थोडा वर, सहाच्या जवळ असू शकेल. श्वसन मात्र चोवीस तास चालते: तासाला 0.3 प्रमाणे 7.2 ग्रॅम. म्हणजे भरदुपारी भरपूर ऑक्सिजन देणारे हे तळे दिवस-रात्र मिळून एक-दीड ग्रॅम तुटीत आहे. शैवालाने बनवलेल्या अन्नाखेरीज बाहेरून येणारे शेण, पालापाचोळा, सांडपाणी इथे कुजत असल्याची ही खूण आहे आणि तुटीचा ऑक्सिजन हवेतून येतो. फक्त दुपारचा आकडा पाहणाऱ्याला तळे सुदृढ वाटले असते.

आकडे कितपत विश्वासाचे आहेत, हेही त्यांच्यावरूनच तपासता येते. काळी बाटली सुरुवातीच्या बाटलीपेक्षा जास्त दाखवत असेल तर झाकणातून उजेड शिरला आहे, बाटलीत हवा गेली आहे किंवा बाटल्यांची अदलाबदल झाली आहे. पांढऱ्या बाटलीच्या बुचाखाली बारीक बुडबुडे दिसले, तर पाणी ऑक्सिजनने अतिसंपृक्त होऊन काही ऑक्सिजन वायू म्हणून निघाला आहे. तो विंकलरच्या मोजणीत पूर्ण येत नाही आणि उत्पादन कमी दिसते. 28 अंशांना पाण्यात हवेशी समतोलात साधारण 7.8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. वरच्या उदाहरणातला 8.4 थोडाच पुढे आहे, पण गर्द हिरव्या तळ्यात हा आकडा सहज वाढतो. अशा वेळी वेळ कमी करून दोन तासांवर आणणे हाच उपाय. बाटल्या बारा-चोवीस तास ठेवण्याने फायदा होत नाही, कारण काचेच्या आतल्या बाजूवर जिवाणू वाढतात आणि बंद पाण्यातली पोषकद्रव्ये संपत जातात. उलट टोकाला, अनुमापनात एका थेंबाचा फरक 0.05 च्या आसपास असल्याने 1.5 मीटरवरच्या 0.2 सारख्या फरकाला फार अर्थ नसतो. प्रत्येक बाटली जोडीने ठेवून सरासरी घेणे गरजेचे. फारच स्वच्छ, निळ्या पाण्यात हा फरक हाती लागतच नाही. तिथे स्टीमन नील्सन यांनी 1952 मध्ये मांडलेली किरणोत्सारी कार्बनची पद्धत वापरतात.

शिवाय बाटलीत फक्त पाणी आणि त्यात तरंगणारे जीव असतात. तळाचा गाळ, काठाचे गवत, पाण्यावर पसरलेली जलपर्णी यांचा हिशेब तिच्यात येत नाही. गाळाचा खर्च किती, याचा अंदाज पहाटे घेता येतो. सूर्यास्ताला आणि उजाडण्यापूर्वी तळ्यातलाच ऑक्सिजन मोजायचा. वरच्या तलावात बाटलीच्या हिशेबाने तासाला 0.2 प्रमाणे बारा तासांत 2.4 मिलिग्रॅमची घट अपेक्षित आहे. हवेतून रात्री थोडी भर पडूनही प्रत्यक्ष घट 3.5 किंवा 4 निघाली, तर वरचा खर्च पाण्याबाहेरचा, मुख्यतः गाळाचा, आणि तो बाटल्यांच्या आकड्यांत अजून मिळवायचा आहे.