उत्तर पायांनी द्यायचं

शाळेच्या मैदानावर नेहमी दिसणारं दृश्य आहे. खो-खोचा खेळ रंगात आलेला असतो. सर शिट्टी फुंकतात, मुलांना अर्धवर्तुळात बसवतात आणि विचारतात, "आत्ता काय चुकलं? कोण सांगेल?" पुढच्या रांगेतले तिघं हात वर करतात. त्यातला एक सरांना हवं ते उत्तर देतो. "कळलं का सगळ्यांना?" "हो सर!" खेळ पुन्हा सुरू होतो आणि पहिल्याच मिनिटात तीच चूक पुन्हा होते.

यात सरांचा हेतू चांगलाच आहे. मुलांनी नुसतं पळू नये, खेळ समजून घ्यावा, असं त्यांना वाटतं. पण एका तासिकेत असे सहा थांबे झाले आणि मुलं गोळा होऊन परत जागेवर जाईपर्यंत प्रत्येकी दोन मिनिटं गेली, तर बारा मिनिटं संपली. पस्तीस मिनिटांच्या तासिकेचा हा तिसरा हिस्सा होतो. शिवाय त्या बारा मिनिटांत विचार केला तो उत्तर देणाऱ्या दोन-तीन मुलांनीच.

खेळातून विचार शिकवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या मस्का मॉस्टन यांनी 1966 मध्ये शारीरिक शिक्षणाच्या अध्यापनशैलींची मांडणी केली. उत्तर न सांगता एकामागून एक प्रश्न विचारत मुलांना उत्तरापर्यंत नेणं, ही त्यातलीच एक शैली. पुढे 1982 मध्ये इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी आधी कौशल्य घोटून घ्यायचं आणि मग खेळ, हा क्रम उलटवला. सोपा केलेला खेळ आधी खेळू द्यावा, त्यात अडचण आली की प्रश्न विचारावा आणि कौशल्य गरजेपोटी शिकवावं, असं त्यांनी सुचवलं. दोन्ही मांडण्यांत प्रश्नाला मानाचं स्थान आहे. प्रत्यक्ष मैदानावर मात्र हा प्रश्न नेमका कधी आणि कसा टाकायचा, यावर सगळं ठरतं.

त्यासाठी एक तासिका बारकाईने पाहू. सातवीचा वर्ग आहे, मुलं-मुली मिळून अठ्ठेचाळीस. पूर्ण मैदान आखलं तर आठ बसलेले, एक पाठलाग करणारा आणि तीन धावणारे, असे बाराच जण खेळात राहतील आणि छत्तीस जण बघत बसतील. बघत बसलेल्या मुलाला खेळातली अडचण कळत नाही, त्यामुळे त्याला विचारलेला प्रश्न हवेत विरतो. म्हणून बाई फक्कीने सहा छोटी मैदानं आखतात. प्रत्येक मैदान साधारण बारा मीटर लांब. त्यात चार जण बसलेले, एक पाठलागावर आणि तीन धावणारे. दोन्ही टोकांना खांबांऐवजी प्लॅस्टिकचे शंकू. फेरी एका मिनिटाची. फेरी संपली की धावणारे आणि बसलेले जागा बदलतात. या अदलाबदलीला पंधरा-वीस सेकंद लागतात. बाईंना प्रश्नासाठी हवा असलेला वेळ इथेच आहे. खेळ थांबवावा लागत नाही, कारण तो आपोआप थांबलेला असतो.

आता खो-खोचे तीन नियम लक्षात घेऊ. बसलेले खेळाडू आलटून पालटून विरुद्ध बाजूंना तोंड करून बसतात. पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की टोकापर्यंत पोचल्याशिवाय मागेही वळता येत नाही. धावणाऱ्यावर यातलं कोणतंच बंधन नाही. त्यामुळे धावणारा पट्टीतून पलीकडे निसटला की पाठलाग करणाऱ्याने बसलेल्या सोबत्याला पाठीमागून खो द्यावा लागतो. नवी मुलं इथेच अडतात. खो द्यायचं सोडून ती शंकूला वळसा घालायला धावत सुटतात.

पहिल्या फेरीआधी बाई एकच प्रश्न टाकतात. "धावणारा पलीकडे गेला, तर त्याला लवकरात लवकर कोण गाठू शकेल? मला सांगू नका. खेळून दाखवा."

शिट्टी वाजते. हात वर करायला कुणालाच वाव नसतो आणि प्रश्न मात्र अठ्ठेचाळीस जणांच्या डोक्यात असतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि निदान तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, असं त्यांना आढळलं. वर्गात हे तीन सेकंद सुद्धा अवघड वाटतात. मैदानावर प्रश्न फेरीआधी टाकला, तर मुलांना पूर्ण एक मिनिट मिळतं आणि त्या मिनिटात खेळ चालूच असतो.

या मिनिटात बाई मैदानांमधून फिरत असतात. दोन मैदानांवर मुलं अजून वळसेच घालताहेत. तिसरीकडे एकाने खो दिला, पण ज्याचं तोंड आपल्याकडे आहे त्यालाच, म्हणजे फाऊल. ही सगळी मुलांनी पायांनी दिलेली उत्तरं आहेत. त्यांवरून बाईंचा पुढचा प्रश्न ठरतो. अदलाबदल चालू असताना त्या मोठ्याने विचारतात, "तुमच्या पुढे दोघं आहेत. एकाचं तोंड तुमच्याकडे, एकाची पाठ. कुणाला उठवलं तर तो पलीकडच्या बाजूला निघेल?" पुन्हा शिट्टी. दोन-तीन फेऱ्यांत बहुतेक मैदानांवर पाठ असलेल्याला खो जायला लागतो.

मग प्रश्न धावणाऱ्यांकडे वळतो. "पाठलाग करणाऱ्याला खो द्यायला उशीर व्हावा असं वाटत असेल, तर पट्टी नेमकी कधी ओलांडाल?" हा अवघड आहे आणि सगळ्यात फलदायीही. चार-पाच फेऱ्या धडपडल्यावर एखादी चपळ मुलगी ते पकडते. पाठ असलेल्या खेळाडूला पाठलाग करणारा नुकताच मागे टाकून गेला, की त्या क्षणी ती पलीकडे जाते. कारण त्याच्यापुढे आता तोंड असलेला खेळाडू आहे, त्याला खो देता येत नाही. पुढची पाठ गाठायची तर आणखी एक जागा ओलांडावी लागते. तेवढ्यात ही सुरक्षित! एकेरी साखळीचं मर्म तिला कुणी सांगितलं नाही, ते तिने स्वतः शोधलं. यावर पाठलाग करणाऱ्यांना पुढचा प्रश्न: "ती तुमची वाट बघते आहे. पाठीपाशी पोचल्यावर तुम्ही काय वेगळं कराल?" काही जण तिथे वेग थोडा आवरून अंदाज घेतात, काही जण लगेच खो देऊन टाकतात. दोन्ही उत्तरं चालतात. कोणतं कधी चांगलं, ते पुढच्या फेऱ्याच ठरवतात.

या प्रश्नांची घडण पाहण्यासारखी आहे. प्रत्येक प्रश्न एकच आहे, एका दमात ऐकता येण्याइतका छोटा आहे आणि कोण, कुठे किंवा कधी यांपैकी काहीतरी विचारतो. अशा प्रश्नाचं उत्तर हालचालीतून दिसतं. "का?" हा प्रश्न मोलाचा आहे, पण त्याला शब्द लागतात. म्हणून तो तासिकेच्या शेवटी, मुलं दम खात असताना विचारावा. "कळलं का?" हा तर प्रश्नच नव्हे, त्याला "हो" शिवाय उत्तर येत नाही. "आपण खो लवकर द्यायला हवा की नाही?" यात उत्तर आधीच सांगून टाकलेलं असतं.

बाद झालेल्या खेळाडूचा वेळ सहसा वाया जातो. त्याला जाताजाता काम द्यावं. "तू इथे उभा राहा. तिघं बाद होताना बघ आणि बहुतेक जण शंकूजवळ सापडतात की मध्ये, ते तुझ्या गटाला सांग." हे सांगायला दहा सेकंद पुरतात. हा मुलगा जे सांगेल, ते त्याचा गट सरांच्या सूचनेपेक्षा जास्त कान देऊन ऐकतो, कारण त्यांना पुढच्याच फेरीत ते वापरायचं असतं.

कधीकधी मात्र खेळ मध्येच गोठवावा लागतो. एखादी स्थिती इतकी बोलकी असते की ती निसटली तर पुन्हा सांगून कळणार नाही. तेव्हा "जिथे आहात तिथेच!" म्हणायचं, कुणालाही जवळ बोलवायचं नाही. "आत्ता खो कुणाला देता येईल? बोट दाखवा." सगळी बोटं एकदम वर होतात, कुणाला कळलं आणि कुणाला नाही हे एका नजरेत दिसतं आणि त्याच स्थितीतून खेळ पुढे चालू होतो. अर्ध्या मिनिटात हे उरकायला हवं. एका तासिकेत असा थांबा एक-दोनदाच घ्यावा, नाहीतर मुलं खेळण्यापेक्षा शिट्टीकडेच कान लावून बसतात.

प्रश्न कुठे विचारू नये, हेही ठरवायला हवं. सुरक्षिततेच्या बाबी सरळ सांगाव्यात. खांबावर सूर मारायचा की नाही, हा सातवीच्या मुलांनी प्रयोग करून शोधण्याचा विषय नाही. नियमही सांगावेत, शोधायला लावू नयेत. नुकतंच उठून धावायला शिकणाऱ्या मुलाला "आता तुझा कोणता पाय पुढे होता?" असं विचारलं, तर तो पायाकडे बघायला लागतो आणि अडखळतो. त्याला उठून दाखवावं आणि करू द्यावं. प्रश्न निर्णयासाठी चांगले, शरीराच्या बारीक हालचालींसाठी बहुधा नाहीत.

पद्धत बिघडते आहे याच्या खुणा लवकर दिसतात. मुलं प्रश्न ऐकून मैदानाकडे न बघता सरांच्या चेहऱ्याकडे बघू लागली, तर ती उत्तर शोधत नाहीत, सरांच्या मनातलं ओळखताहेत. प्रश्नानंतर तीनही फेऱ्यांत खेळ तसाच राहिला, तर प्रश्न फार मोठा होता. तो लहान करावा किंवा खेळच बदलावा, उदाहरणार्थ शंकूला वळसा घालायला बंदी करावी. मग खो देण्यावाचून पर्यायच उरत नाही आणि प्रश्न मैदानच विचारतं. मुलं तोंडाने बरोबर सांगतात पण खेळताना चुकतात, ही तिसरी खूण. त्यांना आणखी प्रश्न नकोत, आणखी फेऱ्या हव्यात.

हे सगळं जमलं की नाही, ते मोजायलाही सोपं आहे. पहिल्या तासिकेत एका मैदानावर उभं राहून एका मिनिटात किती बरोबर खो दिले गेले आणि किती वेळा शंकूला वळसा पडला, ते वहीत लिहावं. आठवड्याने कोणताही प्रश्न न विचारता, कोणतीही आठवण न देता तीच मोजणी पुन्हा करावी. वळसे कमी झाले आणि खो वाढले, तर विचार मुलांच्या खेळात उतरला. पहिल्या दिवशी प्रश्न विचारल्यावर झालेली सुधारणा खरी मानू नये, कारण तेव्हा प्रश्न ताजा असतो. आठवड्यानंतर प्रश्नाशिवाय जे टिकतं, तेवढंच मुलं शिकली.