भाडं एकाच्या खात्यात, कर दोघांच्या नावे

कोथरूडमधला एक फ्लॅट घेऊ. २०१४ साली नवरा-बायकोने मिळून साठ लाखांना घेतला. दोघंही नोकरी करणारे. नवऱ्याने छत्तीस लाख घातले; बायकोने चोवीस, त्यातले पंधरा माहेरच्या जमिनीच्या वाटणीतून आलेले आणि नऊ मोडलेल्या मुदत ठेवींचे. करारनाम्यावर दोघांची नावं आहेत, पण कोणाचा हिस्सा किती, याबद्दल त्यात एक ओळही नाही. पुढे फ्लॅट एका कंपनीला तिच्या अधिकाऱ्याच्या राहण्यासाठी दिला, महिना चाळीस हजार भाड्याने. कंपनीने विचारलं, पैसे कुठल्या खात्यात जमा करायचे? सोसायटीचं बिल आणि घरपट्टी नवऱ्याच्या खात्यातून जायची, म्हणून त्याने आपला खाते क्रमांक आणि आपलाच पॅन देऊन टाकला. घराघरांत असंच होतं.

आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये त्याच्या खात्यात चार लाख ऐंशी हजार भाडं जमा व्हायचं होतं. त्यातून कंपनीने दहा टक्के, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार टीडीएस कापला आणि तो सगळा त्याच्या पॅनवर भरला. रिटर्न भरताना मात्र दोघांनी भाडं साठ-चाळीस असं वाटून दाखवलं: त्याच्याकडे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार, तिच्याकडे एक लाख ब्याण्णव हजार. काही महिन्यांनी त्याच्या ई-फायलिंग खात्यात नोटीस आली. प्रश्न सरळ होता. फॉर्म २६एएसमध्ये चार लाख ऐंशी हजार भाडं दिसतंय, तुम्ही त्याहून कमी दाखवलंय. सगळी रक्कम तुमच्याच उत्पन्नात का धरू नये?

अशी नोटीस आली की पहिली प्रतिक्रिया चिडचिडीची असते: बायकोने तिच्या रिटर्नमध्ये दाखवलंय, तिने कर भरलाय, मग सरकारचं काय बुडालं? हे उत्तर ऐकायला ठीक वाटतं, पण एकटं टिकत नाही. उत्पन्न ज्याचं आहे त्याच्याकडूनच कर घ्यायचा, दुसऱ्या कोणी त्यावर कर भरला म्हणून खरा करदाता सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच सांगून ठेवलंय. त्यामुळे ‘तिने भरलाय’ याऐवजी ‘ते उत्पन्न मुळात तिचंच आहे’ हे दाखवावं लागतं.

आणि ते दाखवता येतं, कारण घरभाड्यावरचा कर बँक खात्यामागे जात नाही, मालकीमागे जातो. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २२ कर लावतं ते मालकावर. कलम २६ सांगतं की घराचे मालक दोन किंवा अधिक असतील आणि त्यांचे हिस्से निश्चित व ठरवता येण्याजोगे असतील, तर त्या सगळ्यांना मिळून एक ‘गट’ धरून कर लावायचा नाही. प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या-त्याच्या उत्पन्नात धरायचा. पैसे कोणाच्या खात्यात पडले, याचा त्या कलमात उल्लेखच नाही. पैसे हातात पडणं आणि ते स्वतःच्या हक्काने मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायकोच्या चाळीस टक्क्यांपुरता नवरा फक्त गोळा करणारा आहे. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, तरी आधीच्या वर्षांचे प्रश्न जुन्याच कायद्याने सुटतील. सहमालकांबाबतचं तत्त्व नव्या कायद्यातही कायम आहे.)

खरा पेच पुढे आहे. कलम २६ चा फायदा हिस्से ठरवता येत असतील तरच मिळतो, आणि करारनामा तर गप्प आहे. मग साठ-चाळीस आलं कुठून? इथे बऱ्याच जणांना ठाऊक नसलेला एक जुना कायदा कामी येतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ म्हणतं की अनेकांनी आपापल्या पैशातून मिळून मालमत्ता घेतली आणि वेगळं काही ठरवलेलं नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तर सगळ्यांचा हिस्सा समान धरायचा. म्हणजे आपल्या जोडप्याने पुरावा दिला तर साठ-चाळीस, नाही दिला तर पन्नास-पन्नास. सोसायटीच्या दाखल्यावर पहिलं नाव कोणाचं, यावरून प्रमाण ठरत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. तो गैरसमज भलताच चिवट आहे.

दहा वर्षांपूर्वीचा पुरावा शोधायचा कुठे? बँकेकडे इतकी जुनी स्टेटमेंट मागायला गेलं तर मिळतीलच असं नाही. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक नोंदणीकृत करारनाम्यांच्या शेवटी पैसे मिळाल्याची पावती जोडलेली असते. विकणाऱ्याने सही केलेली, चेक क्रमांक, तारीख, बँकेचं नाव आणि रक्कम यांचा तक्ता असलेली. सही करताना कोणी ते पान वाचत नाही, आणि अशा वेळी तेच पान तारून नेतं. त्यात तिच्या बँकेच्या चेकचे दोन आकडे, पंधरा लाख आणि नऊ लाख, स्पष्ट छापलेले असले की चाळीस टक्के दिसायला लागतात. त्याला जोड द्यायची ती पंधरा लाख तिच्याकडे कुठून आले, याची: जमिनीच्या वाटणीचा किंवा विक्रीचा दस्त आणि ठेवी मोडल्याच्या नोंदी.

हा स्रोत दाखवणं शोभेपुरतं नाही. अधिकाऱ्याच्या मनात असलेला संशय वाजवी आहे. समजा, साठच्या साठ लाख नवऱ्यानेच घातले असते आणि बायकोचं नाव फक्त प्रेमापोटी जोडलं असतं, तर? पुरेसा मोबदला न घेता जोडीदाराच्या नावावर घर केलं, तर कलम २७ प्रमाणे करापुरता मालक देणाराच राहतो. रोख भेट दिली आणि तिने त्यातून घर घेतलं, तरी कलम ६४ ते भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात ओढून आणतं. त्या परिस्थितीत साठ-चाळीस वाटणी टिकणार नाही, आणि अधिकारी सगळं भाडं त्याच्याकडे धरेल तर त्याचं बरोबर असेल. आपला स्लॅब पाहून दरवर्षी प्रमाण बदलायचं, एका वर्षी ऐंशी-वीस, दुसऱ्या वर्षी तीस-सत्तर, ही युक्तीही इथेच पकडली जाते. हिस्सा घर घेताना ठरतो, मार्चमध्ये नाही.

आता आकडे. वाटणी भाड्याची करायची की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेची? हिस्सा सगळीकडे तोच असल्याने उत्तर एकच येतं, पण पायऱ्या चुकवू नयेत. चार लाख ऐंशी हजारांतून त्या वर्षी मालकांनी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी, समजा अठरा हजार, वजा केली की उरतात चार लाख बासष्ट हजार. त्यातून तीस टक्के प्रमाणित वजावट, एक लाख अडतीस हजार सहाशे. राहिले तीन लाख तेवीस हजार चारशे. त्यातले एक लाख चौऱ्याण्णव हजार चाळीस त्याचे, एक लाख एकोणतीस हजार तीनशे साठ तिचे. सोसायटीचं मेंटेनन्स, रंगकाम, गळतीची दुरुस्ती हे सगळं त्या तीस टक्क्यांतच आलं. ते वेगळं मागितलं की आणखी एक प्रश्न ओढवतो.

नोटीस यायला खरं निमित्त ठरला तो टीडीएस. उत्पन्न साठ टक्के दाखवलं आणि अठ्ठेचाळीस हजारांचा टीडीएस पूर्ण मागितला, तर आकडे जुळणारच नाहीत. नवऱ्याने अठ्ठावीस हजार आठशेच मागायचे. उरलेले एकोणीस हजार दोनशे बायकोचे. त्यासाठी नियम ३७बीए मध्ये सोय आहे: ज्याच्या पॅनवर टीडीएस कापला गेला त्याने कंपनीला लेखी कळवायचं की इतकं उत्पन्न अमक्या पॅनधारकाचं आहे, म्हणजे कंपनी तितका टीडीएस तिच्या नावाने दाखवते. ते राहून गेलं असेल, तर रिटर्नच्या टीडीएस तक्त्यात त्याने तेवढा भाग दुसऱ्या व्यक्तीचा म्हणून नोंदवायचा आणि तिने त्याच्या पॅनचा हवाला देऊन आपल्याकडे मागायचा. आयटीआर-२ मध्ये घराच्या तक्त्यात सहमालक आहे का, आपला हिस्सा किती टक्के आणि सहमालकाचा पॅन काय, हे विचारलेलं असतं. तो रकाना दोघांच्या रिटर्नमध्ये एकमेकांशी जुळेल असा भरलेला असला की अर्धं उत्तर आधीच दिलेलं असतं.

गंमत अशी, की हा टीडीएस इतका कापायलाच नको होता. त्या वर्षी वर्षाला दोन लाख चाळीस हजारांपर्यंतच्या भाड्यावर कंपनीला टीडीएस कापायचा नव्हता, आणि सहमालकांचे हिस्से निश्चित असतील तर ही मर्यादा प्रत्येकाला वेगळी लागते, असं प्रत्यक्ष कर मंडळाचं १९९५ चं परिपत्रक सांगतं. तिचा हिस्सा एक लाख ब्याण्णव हजारांचाच होता. कंपनीला हिस्से आधी कळवले असते, तर तिच्या भाड्यातून एक रुपयाही कापला गेला नसता. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा महिन्याला पन्नास हजार झाली.

नोटिशीचं उत्तर लांबलचक नको. मुदतीच्या आत पोर्टलवरूनच द्यावं. त्यात चार-पाच वाक्यं पुरतात: फ्लॅट दोघांच्या मालकीचा आहे, खरेदीत माझे छत्तीस आणि पत्नीचे चोवीस लाख, कलम ४५ आणि कलम २६ नुसार हिस्से साठ आणि चाळीस टक्के, भाडं केवळ सोयीसाठी माझ्या खात्यात जमा झालं, पत्नीने तिचा हिस्सा तिच्या रिटर्नमध्ये दाखवला आहे. सोबत करारनामा पावतीच्या पानासह, इंडेक्स टू, लिव्ह अँड लायसन्सचा करार, तिच्या पैशाचा स्रोत, दोघांची रिटर्न आणि साठ-चाळीसचा एक पानी हिशेब. आधीच्या वर्षांतही हेच प्रमाण दाखवलेलं असेल तर ती रिटर्नही जोडावीत. सातत्यासारखा साक्षीदार नाही. तिचा हिस्सा दर महिन्याला तिच्या खात्यात वळवला असेल तर उत्तमच, पण तसं केलं नाही म्हणून मालकी बदलत नाही.

फ्लॅट सामायिक असेल, तर पुढच्या वेळी लिव्ह अँड लायसन्सचा करार नव्याने कराल तेव्हा त्यात दोघांना मालक म्हणून घाला, दोघांचे पॅन लिहा आणि हिस्सा किती टक्के हे एका ओळीत नमूद करा. खातं मग एकाचंच ठेवलंत तरी चालेल.