फोर्सेप्स, ट्रॉली आणि त्वचा

स्टरलायझेशन, डिसइन्फेक्शन आणि अँटिसेप्सिस यांतला फरक मायक्रोबायोलॉजीच्या पेपरात हटकून विचारला जातो आणि तिथेच गल्लत होते. परीक्षेच्या आदल्या रात्री नर्सिंगची विद्यार्थिनी आणि तिची सिनियर यांच्यात रंगलेला हा संवाद ती गल्लत दूर करील.

“ताई, तिन्हींत जंतूच मरतात ना? मग नावं तीन कशाला?”

“सगळेच मरत नाहीत, म्हणून. समज, ड्रेसिंग करायचंय. जखमेत जाणारा फोर्सेप्स कसा तयार करशील?”

“स्पिरिटने पुसेन.”

“गेले मार्क! स्पिरिटने साधे जिवाणू मरतात. पण धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू जाड कवचामुळे तग धरतात. जखमेत जाणाऱ्या वस्तूवर तेही उरता कामा नयेत. म्हणून ऑटोक्लेव्ह. दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं. बीजाणूंसकट सगळे मेले, तरच ते स्टरलायझेशन.”

“टेपवर काळ्या रेघा आल्या की झालं ना?”

“रेघा एवढंच सांगतात की पाकीट तापलं होतं. खात्रीसाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णता सोसणाऱ्या जिवाणूचे बीजाणू सामानासोबत आत ठेवतात आणि नंतर ते वाढतात का ते बघतात. वाढले, तर ती खेप नापास.”

“आणि ट्रॉली?”

“ती जखमेत जात नाही. तिच्यावरचे रोगकारक जंतू मारले की भागतं, थोडे बीजाणू उरले तरी चालतात. निर्जीव वस्तूंचं हे डिसइन्फेक्शन. मात्र रक्ताच्या डागावर नुसतं हायपोक्लोराइट फिरवू नकोस. क्लोरीन रक्तातल्या प्रथिनांवरच खर्च होतं आणि खालचे जंतू वाचतात. हातमोजे घालून आधी डाग काढायचा.”

“मग अँटिसेप्सिस म्हणजे त्वचेचं!”

“हो, जिवंत ऊतींचं. जंतू मरावेत, पण आपल्या पेशींना इजा होऊ नये. त्यासाठी पोव्हिडोन आयोडीन, क्लोरहेक्झिडीन किंवा इंजेक्शनआधी ७० टक्के अल्कोहोल.”

“शंभर टक्के जास्त चांगलं नाही का?”

“उलट कमी. जंतूंची प्रथिनं गोठायला पाणीही लागतं. शिवाय अल्कोहोल त्वचेवर वाळू द्यायचं, तेवढा वेळ त्याला मिळायलाच हवा.”

“त्याच अल्कोहोलने थर्मामीटर पुसला तर?”

“डिसइन्फेक्शन. द्रव्य तेच, जागा बदलली. ग्लुटाराल्डिहाइडचं तर वेळेवर ठरतं. २ टक्के द्रावणात उपकरण २० मिनिटं बुडवलं तर वरच्या दर्जाचं डिसइन्फेक्शन, १० तास ठेवलं तर स्टरलायझेशन. त्वचेला मात्र ते कधीच लावायचं नाही.”

“म्हणजे बाटलीवरचं नाव बघून उत्तर लिहायचं नाही.”

“नाहीच. कशावर वापरलं, किती वेळ ठेवलं आणि बीजाणू मेले का, एवढं तपास. जिवंत ऊतीवर असेल तर अँटिसेप्सिस. निर्जीव वस्तूवर बीजाणू उरू शकत असतील तर डिसइन्फेक्शन, एकही उरत नसेल तर स्टरलायझेशन.”