चार पॉइंट आठचे चार पॉइंट बासष्ट कसे झाले?

गोष्ट 2028 मधल्या पुण्याची, म्हणजे कल्पनेतली. कोथरूडच्या एका डिलिव्हरी करणाऱ्या तरुणाचं रेटिंग 4.62 वर आलं. शुक्रवार ते रविवारचे संध्याकाळचे स्लॉट 4.70 च्या वरच्यांना आधी मिळतात. त्यामुळे कमाईचे तास हातचे गेले. पण ग्राहकांची कुरकुर तर नव्हती.

त्याने ॲपमधले शेवटचे शंभर अभिप्राय वहीत मांडले. पाच तारे 88 जणांनी दिले होते, चार तारे 8 जणांनी, तीन तारे दोघांनी आणि एक तारा दोघांनी. बेरीज 480, म्हणजे सरासरी 4.80. मग वरचे 0.18 गेले कुठे?

चहाच्या टपरीवर त्याने दोन सहकाऱ्यांचे आकडे शेजारी मांडले. तिघांच्याही ताऱ्यांची सरासरी 4.80 होती. पण आलेली प्रत्येक ऑर्डर घेणाऱ्याचं रेटिंग 4.82 होतं आणि शंभरातल्या 80 घेणाऱ्याचं 4.72. याने स्वतः 60 घेतल्या होत्या. पावसात चांदणी चौकापलीकडच्या लांबच्या ऑर्डर तो नाकारत असे.

"अरे, म्हणजे वीस ऑर्डर नाकारल्या की पॉइंट एक कमी!" एकाच्या लक्षात आलं.

हिशोब तंतोतंत जुळला. रेटिंगमध्ये ताऱ्यांचा वाटा 90 टक्के आणि ऑर्डर स्वीकारण्याचा 10 टक्के होता. 60 टक्के स्वीकार म्हणजे पाचपैकी तीन गुण. 4.80 चे 90 टक्के 4.32, त्यात 0.30 मिळवले की 4.62. ग्राहकांच्या नावाने दाखवलेल्या आकड्यात कंपनीने नकाराचा दंड मिसळला होता.

असं प्रत्यक्षातही घडलं आहे. इटलीत डिलिव्हरूची क्रमवारी ठरवलेल्या स्लॉटला न येणाऱ्याला खाली ढकलायची. तो आजारी होता की संपावर, हे पाहायची नाही. 2020 च्या अखेरीस बोलोन्याच्या न्यायालयाने ती भेदभाव करणारी ठरवली.

आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपल्या माहितीचा आणि तिच्यावरच्या प्रक्रियेचा सारांश मागण्याची तरतूद आहे. पण सारांश म्हणजे सूत्र नव्हे. म्हणून या तिघांनी संघटनेमार्फत एकच मागणी केली: दोन आकडे वेगळे दाखवा. कंपनीने ती मान्य केली. त्याचा 4.80 पुन्हा दिसू लागला आणि स्वीकाराचा आकडा शेजारी उघड झाला. लांबची ऑर्डर नाकारायची की नाही, हे आता तो परिणाम ठाऊक असताना ठरवतो.

तुम्ही किंवा घरातलं कुणी हे काम करत असेल, तर दर आठवड्याला तारे, स्वीकार आणि रेटिंग या तिन्हींचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि सहकाऱ्यांच्या आकड्यांशी ताडून पाहा. एकट्याच्या आकड्यांवरून सूत्र उलगडत नाही, तिघांच्या आकड्यांवरून उलगडू शकतं.