खुल्या पाण्यातील जलतरण स्पर्धा आणि पोशाखाची निवड : वेटसूट की स्विमस्किन?

प्रस्तावना :

मारेगाव तालुक्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीत पोहायला शिकलेला विद्यार्थी पुढे समुद्रातील स्पर्धेची तयारी करू लागला, की त्याच्यासमोर पोशाखाचा प्रश्न उभा राहतो. महागडा वेटसूट आधी विकत घ्यायचा आणि नियम नंतर वाचायचे, असा क्रम बहुधा आढळतो. वास्तविक हा क्रम उलट असावयास हवा. कोणता पोशाख चालेल हे प्रथम पाण्याचे तापमान ठरवते. वेग आणि सोय यांचा विचार त्यानंतरचा. प्रस्तुत लेखात गोव्यातील स्पर्धेच्या आधारे या निवडीचा विचार केला आहे.

तापमानाचे नियम :

पणजीजवळील मिरामार किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘आयर्नमॅन ७०.३’ ही तिहेरी स्पर्धा प्रथम झाली. तिच्यात समुद्रातील पोहण्याचे अंतर १.९ किलोमीटर असते. या स्पर्धामालिकेत हौशी स्पर्धकांना पाणी २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असल्यास वेटसूट घालता येतो. त्याहून अधिक, परंतु २८.८ अंशांपर्यंत तापमान असल्यास तो घालून पोहता येते, मात्र वयोगटातील पारितोषिकावरचा हक्क जातो. त्यापुढे वेटसूटला बंदी असते. पाणी २८ अंश भरले असे समजू : वेटसूट घातलेला स्पर्धक शर्यत पूर्ण करील, पण बक्षिसाच्या यादीत येणार नाही. तेच पाणी २९ अंश भरले तर त्याला तो सूट किनाऱ्यावरच ठेवावा लागेल. ऑक्टोबरमधील कोकण-गोव्याचा समुद्र याच मर्यादेच्या आसपास असतो. म्हणून येथील स्पर्धकाने वेटसूटच्या भरवशावर सराव करणे धोक्याचे ठरते.

निव्वळ जलतरणाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नियम याहून कडक आहेत. तेथे १८ अंशांखाली वेटसूट सक्तीचा, १८ ते २० अंशांच्या दरम्यान ऐच्छिक आणि २० अंशांपासून पुढे निषिद्ध आहे. याउलट इंग्लिश खाडी पोहण्याच्या परंपरेत पाणी थंड असूनही वेटसूट मान्य नाही. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातील सात सामुद्रधुन्या पोहून पूर्ण केल्या, त्या साध्या पोहण्याच्या पोशाखात. अर्थात, एका स्पर्धेचा नियम दुसरीला लावता येत नाही.

उष्ण पाण्याची मर्यादा केवळ कागदी नाही. पोहणाऱ्याच्या स्नायूंत निर्माण होणारी उष्णता पाण्यात निघून जावी लागते; रबराचे आवरण ती कोंडून ठेवते. २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे उष्ण समुद्रात झालेल्या १० किलोमीटरच्या शर्यतीत अमेरिकन जलतरणपटू फ्रॅन क्रिपेन यांचा मृत्यू झाला. पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाने पाण्यासाठी ३१ अंशांची कमाल मर्यादा घातली. उष्ण पाण्यात डोके जड होणे, मळमळणे, दिशा चुकणे ही लक्षणे दिसताच पोहणे थांबवून हात वर करावा.

उत्प्लावकता :

वेटसूट निओप्रिन या रबराचा असतो आणि त्यात वायूचे सूक्ष्म बुडबुडे असतात. सूटाचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर व सरासरी जाडी ३ मिलिमीटर धरल्यास त्याचे आकारमान साडेचार लिटर होते. तो तेवढेच, म्हणजे सुमारे साडेचार किलो पाणी बाजूला सारतो. सूटाचे स्वतःचे वजन दीड किलो वजा करता साधारण तीन किलोंचा आधार उरतो. हा आधार कमरेला व पायांना वर उचलतो, त्यामुळे पाण्याचा विरोध घटतो. ज्याचे पाय खाली जातात त्याला याचा सर्वाधिक लाभ होतो. उत्तम पोहणाऱ्याला तुलनेने कमी.

स्विमस्किन मात्र कापडी असते. नायलॉन-लायक्राच्या विणीवर जलरोधक लेप दिलेला असतो. ती तरंगवत नाही आणि ऊबही देत नाही. आतील पोशाखाचे खिसे व सुरकुत्या झाकून ती घर्षण कमी करते, एवढेच तिचे काम. आयर्नमॅनमध्ये तिच्यात रबर किंवा पॉलियुरेथेन चालत नाही. क्लोरिनयुक्त तलावात रोज वापरल्यास लेप झिजतो. कापडावर टाकलेला पाण्याचा थेंब गोल न राहता पसरला, तर लेप गेला असे समजावे.

मापाची पारख :

वेटसूट निवडताना उंचीपेक्षा वजन व छातीचे माप अधिक उपयोगी पडते. घालताना तो नखांनी न ओढता बोटांच्या पेरांनी, पायांपासून सुरुवात करून वर सरकवावा. जांघेजवळ अंतर राहिले तर वरचा भाग खाली ओढला जातो आणि खांदे अकाली थकतात; दोष खांद्यांचा वाटतो, असतो मात्र घालण्याचा. कोरड्या जागी तो घट्टच वाटला पाहिजे, परंतु दीर्घ श्वास घेता आला पाहिजे. गळा आवळत असेल तर तो सूट नाकारावा, कारण लाटांत तोच दाब घाबरण्यास कारण होतो. पाण्यात काही हात मारल्यावर पाठीच्या खालच्या भागात पाण्याची पिशवी तयार झाली, तर माप मोठे आहे. हीच कसोटी स्विमस्किनलाही लागू पडते. खाऱ्या पाण्यात मान सोलवटते, त्यासाठी वंगण लावावे. मात्र पेट्रोलियम जेलीने निओप्रिन खराब होते. ही सर्व चाचणी स्पर्धेच्या किमान काही आठवडे आधी, खुल्या पाण्यातच करावी.